क्लाउडची सर्टिफिकेशन्स: फ्रेशर, डेव्हलपर आणि सिस्टीम अ‍ॅडमिनने कोणत्या क्रमाने करावीत?

प्रश्न: मी यंदा बीसीएस पूर्ण केलं, नोकरी शोधतोय. मोठा भाऊ पुण्यात चार वर्षं जावा डेव्हलपर आहे. मामा एका कारखान्याच्या आयटी विभागात दहा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतात. तिघांनाही एडब्ल्यूएसकडे, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडकडे जायचंय. कोणती सर्टिफिकेट्स, कोणत्या क्रमाने? क्लासवाले म्हणतात, सगळ्यांनी क्लाउड प्रॅक्टिशनर या प्राथमिक परीक्षेपासूनच सुरुवात करा.

उत्तर: क्लासवाल्यांचा सल्ला तुमच्या भावाला आणि मामांना लागू नाही. तुम्हालाही तो अर्धाच लागू आहे. तुमचा क्रम असा ठेवा: आधी लिनक्स आणि नेटवर्किंग, मग सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, आणि तिथे थांबून नोकरी. भावाने डेव्हलपर असोसिएटपासून सुरुवात करावी, त्यानंतर सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्यावी आणि कामाचा अनुभव जमल्यावर डेव्हऑप्स इंजिनिअर प्रोफेशनल. मामांनी आधी सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, मग क्लाउडऑप्स इंजिनिअर असोसिएट आणि सोबत टेराफॉर्म, म्हणजे सर्व्हर-नेटवर्कची रचना कोडमध्ये लिहायचे साधन, असा मार्ग घ्यावा. तिघांच्या ज्ञानात फट वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून क्रमही वेगळे.

आधी एक गैरसमज दूर करतो. एडब्ल्यूएसच्या कोणत्याही परीक्षेला दुसरी परीक्षा आधी पास असण्याची अट नाही. तशी अट पूर्वी होती, ती 2018 साली काढली. म्हणजे प्रॅक्टिशनर ही पहिली पायरी आहे हे फक्त छापील तक्त्यात खरे आहे. पैशाचा हिशोब असा: प्रॅक्टिशनरची फी 100 डॉलर, असोसिएटची 150 आणि वर कर. एक परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेसाठी निम्म्या फीचे कूपन मिळते. त्यामुळे प्रॅक्टिशनर करून आर्किटेक्ट दिली तर 100 आणि 75 मिळून 175 डॉलर होतात, थेट दिली तर 150. फरक 25 डॉलरचाच आहे. मोठा खर्च वेळेचा: प्रॅक्टिशनरच्या तयारीत तीन-चार आठवडे जातात आणि त्यात सेवांची नावे, बिलिंगचे प्रकार, सपोर्ट प्लॅन यांची ओळख होते. सर्व्हर उभा करायला त्यातून शिकायला मिळत नाही.

तरीही तुमच्यासाठी ती ऐच्छिक म्हणतो, कारण दोन परिस्थितींत ती उपयोगी पडते. कॉलेज किंवा कंपनी फी भरत असेल तर द्या. परीक्षा केंद्रात इंग्रजीतले 65 प्रश्न वेळेत सोडवायची धास्ती वाटत असेल तरीही द्या, सराव होतो. नाहीतर ते आठवडे लिनक्सला द्या.

तुमच्यासाठी, म्हणजे फ्रेशरसाठी

तुमची फट क्लाउडखाली आहे. पहिले सहा आठवडे एडब्ल्यूएसचे खाते उघडूच नका. आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाका आणि एनजिनएक्स बसवणे, फाइल परमिशन्स, `systemctl`, `journalctl`, `ss -tlnp`, `curl -v`, `dig` एवढे हाताला बसवा. नेटवर्किंगमध्ये आयपी, सबनेट, राउट टेबल, पोर्ट आणि डीएनएस हे कागदावर मांडता आले पाहिजे. खाते उशिरा उघडायचे कारण व्यावहारिक आहे. जुलै 2025 पासून नव्या ग्राहकाला 100 डॉलरचे क्रेडिट मिळते, काही ठरावीक कामे केली तर आणखी 100 पर्यंत मिळते, आणि मोफत योजना फार तर सहा महिने चालते. लिनक्स शिकण्यात त्यातला दीड महिना घालवणे परवडत नाही.

त्यानंतर आर्किटेक्ट असोसिएटची तयारी, परीक्षेचा कोड SAA-C03. व्हिडिओ पाहत राहण्यापेक्षा एक रचना स्वतः उभी करा आणि स्वतःच मोडा. मुंबई रीजनमध्ये `10.0.0.0/16` चे व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधले आपले खासगी नेटवर्क, घ्या. दोन अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमध्ये मिळून चार सबनेट करा, प्रत्येक `/24` चे, दोन पब्लिक आणि दोन प्रायव्हेट. पब्लिकमध्ये अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर, प्रायव्हेटमध्ये एनजिनएक्स चालवणारे दोन ईसी-टू सर्व्हर. `/24` मध्ये पत्ते 256 असतात, पण एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले पाच स्वतःकडे ठेवते: पहिले चार आणि शेवटचा. तुम्हाला उरतात 251. पुस्तकातले 254 हे उत्तर इथे चुकते.

पहिली अडचण लगेच येईल: प्रायव्हेट सर्व्हरवर पॅकेज उतरत नाही, `dnf` अडकून बसतो. सर्व्हरला इंटरनेटकडे जायचा रस्ताच नाही. त्यासाठी नॅट गेटवे लागतो, आणि तो पब्लिक सबनेटमध्ये ठेवावा लागतो. नवखी मुले तो हटकून प्रायव्हेटमध्ये ठेवतात, राउट टेबलही बरोबर लिहितात आणि तरी काही चालत नाही, कारण गेटवेलाच बाहेर जायला वाट नसते. सराव झाला की तो त्याच दिवशी काढून टाका. मुंबईत त्याचे तासाला पाच-सहा सेंट लागतात, म्हणजे महिनाभर विसरलात तर 40 डॉलरच्या आसपास क्रेडिट त्यातच संपते. तो काढल्यावर त्याला जोडलेला इलास्टिक आयपीही सोडा, कारण फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याचे तासावर पैसे लागतात.

आता मोडायचे काम. सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपमधून, म्हणजे त्याच्या फायरवॉलमधून, लोड बॅलन्सरला पोर्ट 80 वर येऊ देणारा नियम काढा आणि ब्राउझरमध्ये पाहा: थोडे थांबून 504 हा एरर कोड येतो. नियम परत लावा आणि एका वेळी दोन्ही सर्व्हरवर `sudo systemctl stop nginx` चालवा: आता 502 येते. मग टार्गेट ग्रुपमधून, म्हणजे लोड बॅलन्सरच्या सर्व्हर-यादीतून, दोन्ही सर्व्हर काढून टाका: 503. तीन आकड्यांची तीन कारणे आहेत. 504 मध्ये लोड बॅलन्सरचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, वाटेत अडला. 502 मध्ये तो पोचला, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते म्हणून जोडणी नाकारली गेली. 503 मध्ये पाठवायला सर्व्हरच नोंदलेला नाही. हा एक तासाचा प्रयोग करणारा मुलगा मुलाखतीत ‘साइट बंद आहे, कुठून सुरुवात कराल?’ या प्रश्नाला बोलू शकतो. तीन सर्टिफिकेट्स पाठ करून आलेला तिथे गप्प होतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळते.

याच कारणासाठी तुम्ही एका असोसिएटवर थांबावे असे ठामपणे सांगतो. फ्रेशरच्या बायोडेटावर चार-पाच बॅज असले की समोरच्याला पहिली शंका येते ती पाठांतराची. वरच्या रचनेचे टेराफॉर्म कोड गिटवर, सोबत एका पानाचे वर्णन आणि एक असोसिएट, एवढे नोकरी शोधायला पुरेसे आहे. आठवड्याला दहा-बारा तास दिलेत तर लिनक्स धरून साधारण पाच महिन्यांचे काम आहे.

भावासाठी, म्हणजे डेव्हलपरसाठी

त्याला कोड, गिट, एपीआय, डेटाबेस येतात. डेव्हलपर असोसिएट, कोड DVA-C02, त्याच्या रोजच्या कामाच्या सगळ्यात जवळ आहे. लॅम्डा, एपीआय गेटवे, डायनॅमोडीबी, एसक्यूएस, पाइपलाइन, आयएएम रोल या सेवा शिकून सोमवारी ऑफिसात वापरता येतात. म्हणून ती आधी. त्याची फट नेटवर्कमध्ये आहे. ती सोल्यूशन्स आर्किटेक्ट भरून काढते, म्हणून ती दुसरी. उलट क्रम घेतला तर पहिले दोन महिने राउट टेबलमध्ये जातात, ऑफिसात त्याचा उपयोग होत नाही आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

मात्र ‘मला कोडिंग येते’ या भरवशावर ही परीक्षा देऊ नये. परीक्षेत कोड लिहायचा नसतोच. सेवा एकमेकींना जोडल्यावर काय बिघडते हे विचारतात. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. ऑर्डरचे निरोप एसक्यूएसच्या रांगेत येतात आणि लॅम्डा, म्हणजे सर्व्हर न सांभाळता चालवलेले फंक्शन, ते उचलून बिल बनवते. काही ग्राहकांना दोनदा बिल जाते. का? रांगेतून उचललेला निरोप काही काळ बाकीच्यांना दिसेनासा होतो. या काळाला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात आणि तो मुळात 30 सेकंद असतो. त्या वेळेत काम पुरे होऊन निरोप पुसला गेला नाही तर तो पुन्हा दिसू लागतो आणि पुन्हा उचलला जातो. लॅम्डाचा टाइमआउट 45 सेकंद ठेवून रांग जोडायला गेलात तर एडब्ल्यूएस जोडूच देत नाही, रांगेचा वेळ फंक्शनच्या वेळेपेक्षा कमी आहे असे सांगते. तिथे घाईत रांगेचा वेळही 45 करून मोकळे होतात. जोडणी होते, पण लॅम्डावर ताण आला आणि उचललेला निरोप पुन्हा चालवावा लागला की सवड उरत नाही. एडब्ल्यूएसची स्वतःची शिफारस फंक्शनच्या वेळेच्या किमान सहापटीची आहे. 45 गुणिले 6, म्हणजे 270:

```
aws sqs set-queue-attributes \
  --queue-url "$QUEUE_URL" \
  --attributes VisibilityTimeout=270
```

एवढ्याने दुहेरी बिले कमी होतील, पण पूर्ण थांबणार नाहीत. साधी रांग निरोप ‘किमान एकदा’ पोचवते, क्वचित दोनदाही देते. म्हणून बिल बनवण्याआधी ऑर्डर क्रमांक डायनॅमोडीबी या डेटाबेसात अटीसह लिहायचा: तो आधीच असेल तर लिहिणे नाकारले जाते आणि कोड तिथेच थांबतो. परीक्षेत हे दोन्ही उपाय पर्यायांत दिसतात. प्रश्न ‘वारंवार’ होणाऱ्या पुनरावृत्तीबद्दल आहे की ‘कधीही होता कामा नये’ असे म्हणतो, यावर उत्तर ठरते. अनुभवी डेव्हलपर इथे घाईने वाचून चुकतात.

डायनॅमोडीबीच्या क्षमतेचे गणितही त्याने हाताने करून पाहावे. सेकंदाला 10 नोंदी वाचायच्या, प्रत्येक 6 केबीची, आणि ताजीच हवी. वाचनाचे एक युनिट 4 केबीपर्यंत पुरते, म्हणून 6 केबीला दोन युनिट, एकूण 20. किंचित शिळी नोंद चालत असेल तर निम्मी, 10. इथली नेहमीची चूक म्हणजे 60 केबीला 4 ने भागून 15 काढणे. प्रत्येक नोंद वेगळी वाचली जाते, म्हणून प्रत्येकीची पूर्णांकात वरची फेरी आधी करायची.

डेव्हऑप्स प्रोफेशनलची घाई नको. 300 डॉलर, 180 मिनिटे, 75 लांबलचक प्रश्न. ऑफिसात वर्षभर तरी पाइपलाइन आणि डिप्लॉयमेंट स्वतः सांभाळल्याशिवाय ती पास झाली तरी अंगी लागत नाही.

मामांसाठी, म्हणजे सिस्टीम अ‍ॅडमिनसाठी

मामांना नावावरून क्लाउडऑप्स ओळखीची वाटेल. ही पूर्वीची सिसऑप्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सप्टेंबर 2025 च्या शेवटी तिचे नाव बदलले आणि कोड SOA-C03 झाला, म्हणून जुन्या SOA-C02 ची पुस्तके घेऊ नयेत. तरी ती मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. बॅकअप, पॅचिंग, मॉनिटरिंग त्यांना येते, पण परीक्षा ते क्लाउडफॉर्मेशन, सिस्टम्स मॅनेजर, इव्हेंटब्रिज यांच्यामार्फत करायला सांगते. या सेवा एकमेकींत कुठे बसतात हा नकाशा आर्किटेक्टच्या तयारीत मिळतो. नेटवर्किंगचा पाया असल्याने तो भाग त्यांना तुमच्या निम्म्या वेळात होईल.

त्यांनी सगळ्यात जास्त सावध राहायचे ते स्वतःच्या चांगल्या सवयींपासून. कारखान्यात सर्व्हर अडला की एसएसएच करून आत जायचे आणि दुरुस्त करायचे, हेच कौशल्य. ऑटो स्केलिंगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप वाढवण्या-बदलण्याच्या सोयीत, ते उलटते: हाताने दुरुस्त केलेला सर्व्हर रात्री बदलला जातो आणि नवा सर्व्हर जुन्याच बिघाडासह उभा राहतो. बरोबर वाट म्हणजे लाँच टेम्पलेटची नवी आवृत्ती करून इन्स्टन्स रिफ्रेश चालवणे. परीक्षेत अशा सर्व्हरवर ‘लॉगिन करून बदल करा’ असा पर्याय दिसला की तो बहुधा सापळा समजावा. पोर्ट 22 बद्दलही तेच. सेशन मॅनेजरने पोर्ट न उघडता आत जाता येते, पण त्याला तीन गोष्टी लागतात: सर्व्हरवर एजंट, `AmazonSSMManagedInstanceCore` ही पॉलिसी असलेला रोल आणि बाहेर 443 चा रस्ता. सर्व्हर यादीत दिसतच नसेल तर या तिघांपैकी एक हुकलेले असते, आणि बहुतेकदा तो रोल असतो.

फायरवॉलचे उदाहरण त्यांना लगेच पटेल. सिक्युरिटी ग्रुप जोडणी लक्षात ठेवतो, आयपीटेबल्सच्या कॉनट्रॅकप्रमाणे: आत येऊ दिलेल्याचे उत्तर आपोआप बाहेर जाते. सबनेटच्या दारावरचा नेटवर्क एसीएल काहीच लक्षात ठेवत नाही. वेब सर्व्हरच्या सबनेटला स्वतःचा एसीएल लावला, आत 443 उघडला आणि बाहेरही 443 च उघडला, तर साइट टाइमआउट होते. उत्तर ग्राहकाच्या तात्पुरत्या पोर्टकडे जात असते, म्हणून बाहेर 1024 ते 65535 उघडावे लागतात. ओळखायचे कसे? व्हीपीसी फ्लो लॉगमध्ये येणाऱ्या जोडणीपुढे `ACCEPT` आणि तिच्याच उत्तरापुढे `REJECT` दिसले की दोष एसीएलचा. सिक्युरिटी ग्रुप स्वीकारलेल्या जोडणीचे उत्तर अडवत नाही.

क्लाउडऑप्सनंतर, किंवा तिच्यासोबतच, टेराफॉर्म असोसिएट करावी. फी 70.50 डॉलर, एक तासाची परीक्षा. मामांची खरी फट पायाभूत रचना कोडमध्ये लिहून गिटवर ठेवण्याची आहे आणि ती इथे भरते. कुबरनेटीसची सीकेए परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते, पाठांतर चालतच नाही. मला ती फार आवडते, पण कामाच्या ठिकाणी कंटेनर असतील तरच घ्यावी, एरवी काही महिन्यांत विसरायला होते.

मामांच्या विभागात विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीही मोठ्या प्रमाणात असेल तर त्यांच्यापुरता मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा विचार करावा आणि AZ-900 ही प्राथमिक परीक्षा सोडून थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची AZ-104 द्यावी. ते सर्टिफिकेट एकच वर्ष टिकते, पण मुदतीआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, फी न भरता नूतनीकरण करता येते. कोणता क्लाउड हे ठरत नसेल तर आपल्याला हव्या त्या शहरातल्या आणि पदाच्या 30 जाहिराती वाचून प्रत्येक नावापुढे रेघा मारा. एका संध्याकाळचे काम आहे.

परीक्षेची तांत्रिक बाजू, तिघांसाठी

एडब्ल्यूएसच्या असोसिएटला 65 प्रश्नांना 130 मिनिटे मिळतात, त्यातल्या 15 प्रश्नांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. 1000 पैकी 720 ला पास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना 30 मिनिटे जादा मिळतात, पण परीक्षा नोंदवण्याआधी आपल्या सर्टिफिकेशन खात्यात `ESL +30` ही सवलत मागावी लागते. नोंदणी झाल्यावर ती त्या परीक्षेला लागत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी मुलांना याची माहिती नसते आणि शेवटचे आठ-दहा प्रश्न ती अंदाजाने मारतात.

खात्यातले नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळवा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी. केंद्रात ते जुळले नाही तर बसू देत नाहीत आणि फी बुडते. कोणती ओळखपत्रे चालतात ती यादी नोंदणीच्या वेळीच पाहून ठेवा.

सराव पेपरमध्ये पूर्वी न पाहिलेल्या दोन पूर्ण संचांत सलग 80 टक्क्यांच्या वर गेलात की तारीख घ्या. तोच संच तिसऱ्यांदा सोडवून आलेले 95 टक्के धरू नका, तेव्हा तुम्ही प्रश्न ओळखत असता. ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून टेलिग्रामवर विकल्या जाणाऱ्या फायलींपासून लांब राहा: त्यांतली अनेक उत्तरे चुकीची असतात आणि वापर उघड झाला तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकते. नापास झालात तर 14 दिवस थांबावे लागते. निकालपत्रावर विभागवार कमकुवत जागा दिलेल्या असतात, त्या 14 दिवसांत फक्त त्याच करा.

एडब्ल्यूएसची सर्टिफिकेट्स तीन वर्षे टिकतात. डेव्हऑप्स प्रोफेशनल पास झाली की भावाच्या डेव्हलपर असोसिएटची मुदत आपोआप वाढते, पण सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची वाढत नाही. ती टिकवायची तर तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागेल किंवा सोल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल. पास झाल्याच्या दिवशीच दोन तारखा कॅलेंडरमध्ये टाका, मुदतीची आणि तिच्या सहा महिने आधीची, आणि निम्म्या फीचे कूपन त्या पुढच्या परीक्षेसाठी राखून ठेवा. कूपनलाही मुदत असते, ती खात्यात लिहिलेली दिसते.